एटीएममधून न मिळालेल्या पैशांची तक्रार : बँकेपासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालापर्यंत

खात्यातून रक्कम वजा झाली पण एटीएममधून नोटा आल्या नाहीत, अशा वेळी तक्रार करायची ती ज्या बँकेचे कार्ड आहे त्या आपल्या बँकेकडे. यंत्र दुसऱ्या बँकेचे असले तरी हा नियम बदलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप खात्यात परत जमा झाली पाहिजे आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने 100 रुपये भरपाई, ग्राहकाने न मागताही, दिली पाहिजे. हे दिवस कॅलेंडरचे असून त्यातून सुट्ट्या वगळल्या जात नाहीत. मूळ रक्कम उशिरा का होईना परत येते, मात्र भरपाईचा विषय पुष्कळदा राहून जातो आणि खरा पाठपुरावा तिथेच करावा लागतो.

समजा, 3 एप्रिल 2025 रोजी 10,000 रुपये वजा झाले. मुदत 8 एप्रिलला संपली आणि ग्राहकाने 9 एप्रिलला बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. या पहिल्या तक्रारीत व्यवहाराची तारीख आणि वेळ, एटीएमचा क्रमांक, पावतीवरचा व्यवहार क्रमांक व रक्कम यांसोबत ‘विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी देय असलेली भरपाईही जमा करावी’ हे वाक्य असणे महत्त्वाचे आहे. पुढे रिझर्व्ह बँकेने ग्राहकांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे तेच मागता येते जे आधी बँकेकडे मागितले होते. भरपाईचा उल्लेख पहिल्या अर्जात नसेल तर तेवढ्यासाठी बँकेकडे पुन्हा लिहून पुन्हा थांबण्याची वेळ येऊ शकते.

तक्रार शाखेत दिल्यास दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. ग्राहक सेवा केंद्राला फोन केल्यास तक्रार क्रमांक मागून घ्यावा व त्याचा संदेश जपून ठेवावा, कारण तक्रार लेखी असावी किंवा ती केल्याचा पुरावा दाखवता यावा, अशी लोकपाल योजनेची अट आहे. शाखा व्यवस्थापकाशी झालेले तोंडी बोलणे, ते कितीही सौजन्याचे असले, तरी या हिशेबात धरले जात नाही.

उत्तर न आल्यास बँकेच्या संकेतस्थळावर दिलेल्या, तक्रारी हाताळणाऱ्या नोडल अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर प्रधान नोडल अधिकाऱ्याकडे जावे. प्रत्येक पत्रात पहिलाच तक्रार क्रमांक आणि पहिलीच तारीख लिहावी, म्हणजे बँकेला ते प्रकरण नव्याने सुरू झाल्याचे दाखवता येत नाही आणि लोकपालाकडे जाण्यापूर्वी थांबायच्या 30 दिवसांची मोजणी 9 एप्रिलपासूनच धरता येते. बँकेने स्वतःच नेमलेला अंतर्गत लोकपाल असेल तर तक्रार पूर्णतः किंवा अंशतः फेटाळण्यापूर्वी बँकेनेच ती त्यांच्यापुढे ठेवायची असते. ग्राहकाला त्यांच्याकडे थेट जाता येत नाही, मात्र नकाराच्या उत्तरात त्यांच्या निर्णयाचा उल्लेख आहे का, हे पाहता येते.

आपल्या उदाहरणात 26 एप्रिलला 10,000 रुपये जमा झाले आणि 28 एप्रिलला ‘तक्रारीचे निवारण झाले’ असा संदेश आला. 9 ते 26 एप्रिल हे 18 दिवस होतात, म्हणजे 1,800 रुपये बाकी आहेत. संदेशात भरपाईचा शब्दही नाही. असा संदेश आला की ग्राहक गप्प बसतो, असा बँकांचाही अनुभव असावा. त्याच क्रमांकाचा हवाला देऊन, हा हिशेब मांडून, प्रधान नोडल अधिकाऱ्याला लगेच ईमेल करावा. त्यांनी नकार दिला किंवा मूळ तक्रारीपासून 30 दिवस उलटूनही समाधान झाले नाही, तर लोकपालाकडे जाता येते. बँकेने स्पष्ट नकार दिला असल्यास 30 दिवस थांबण्याची गरज नाही; उत्तरच आले नसेल तर मात्र त्याआधी केलेला अर्ज अपात्र ठरून बंद होतो.

रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेच्या उत्तरापासून एक वर्ष, आणि उत्तर न आल्यास तक्रारीपासून एक वर्ष 30 दिवस, अशी मुदत ठरवली होती. योजनेत बदल होऊ शकतात, म्हणून अर्जाच्या दिवशी लागू असलेली मुदत पोर्टलवर तपासावी. अर्ज cms.rbi.org.in येथे विनाशुल्क करता येतो आणि चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे. पहिली तक्रार व तिची पोच, बँकेचे उत्तर, पुढील ईमेल, एटीएमची पावती आणि वजा व जमा या दोन्ही नोंदी दिसणारा खातेउतारा जोडावा. तेच प्रकरण न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात प्रलंबित असेल तर अर्ज स्वीकारला जात नाही, तसेच ग्राहक स्वतः वकील नसेल तर त्याच्यातर्फे वकिलामार्फत तक्रार करता येत नाही. पतसंस्थेविरुद्धची तक्रार या योजनेत बसत नाही. तिच्यासाठी सहकार खात्याच्या निबंधकाकडे जावे लागते.