इतिवृत्ताचं भाषांतर करून घेताना सहीचा ठराव आधी पाहा

बँकेने कर्जासाठी ठरावाची इंग्रजी प्रत मागितली की शेतकरी कंपन्यांची आणि संस्थांची मंडळी इतिवृत्ताची वही घेऊन आमच्याकडे येतात. तेव्हा सगळ्यात जास्त वेळ सहीच्या ठरावाला लागतो.

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या वहीत लिहिलं होतं, "गोदाम कर्जाच्या खात्यासाठी अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी यांना सहीचे अधिकार देण्यात येत आहेत. ठराव सर्वानुमते मंजूर." दोघांच्या सह्या मिळून लागणार की कुणाही एकाची चालणार, हे या 'व'वरून कळत नाही. बँकेला मात्र 'जॉइंटली' की 'सेव्हरली' एवढंच पाहायचं असतं. त्यांनी दुसरीकडून करून घेतलेल्या पहिल्या भाषांतरात 'आयदर' आलं होतं, म्हणजे एकट्याच्या सहीवर पैसे निघाले असते. आम्ही फोन केला. संचालक म्हणाले, "नाही हो, दोघांच्याही सह्या लागतील असंच ठरलं होतं."

पण ठरलेलं असलं तरी वहीत नव्हतं, आणि जे वहीत नाही ते भाषांतरात घालता येत नाही. कंपनीने पुढच्या सभेत नवा ठराव घेतला : "खाते दोघांच्या संयुक्त सहीनेच चालेल, एकट्याची सही ग्राह्य धरली जाणार नाही." मग त्याचं इंग्रजी केलं.

दुसरा घोळ पदांच्या नावांचा. एका ठरावात अध्यक्षांना 'प्रेसिडेंट' आणि दुसऱ्यात 'चेअरमन' म्हटलं, तर वाचणाऱ्याला दोन वेगळी पदं वाटतात. म्हणून प्रत्येक ग्राहकाची शब्दसूची आम्ही जपून ठेवतो, आणि पुढच्या वर्षीच्या कामालाही तीच वापरतो. 'सभा तहकूब' म्हणजे ॲडजर्न, पोस्टपोन नव्हे, कारण तहकूब सभा सुरू होऊन थांबलेली असते. मागील इतिवृत्त 'कायम करणे' म्हणजे कन्फर्म. 'सर्वानुमते'चं 'बहुमताने' कधीच करत नाही.

'विशेष ठराव' हा नुसता महत्त्वाचा ठराव नव्हे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११४ प्रमाणे त्याच्या बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात, आणि सभेच्या नोटिशीत तो विशेष ठराव म्हणूनच नमूद असावा लागतो. वहीत फक्त 'बहुमताने मंजूर' असेल तर त्यापुढे 'स्पेशल' हा शब्द आम्ही आपल्या मनाने जोडत नाही. आधी नोटीस आणि मतांचा आकडा मागतो.

इंग्रजीतून मराठीत येताना 'शॅल'साठी 'करणे बंधनकारक राहील' आणि 'मे'साठी 'करता येईल' असं ठेवतो. 'करावे' लिहिलं तर सक्ती आहे की मुभा, यावर वाद होऊ शकतो.

येताना वही, सभेची नोटीस, पोटनियम आणि आधीच्या इंग्रजी प्रती आणा. आमच्या प्रतीवर 'मूळ मराठी इतिवृत्ताचे भाषांतर' असं लिहिलेलं असतं. खरी प्रत म्हणून सही मात्र तुमच्या अधिकृत पदाधिकाऱ्यानेच करायची.