सूची दिलीत, संदर्भ कुठे आहे?

दिवाळीची सुट्टी संपली की इतिहासाच्या प्रकल्पवह्या माझ्या टेबलावर येतात. शेवटच्या पानावर बहुतेकांचा मजकूर एकच असतो: 'संदर्भ : इंटरनेट, गुगल, ग्रंथालयातील पुस्तके.' पालक म्हणतात, "सर, संदर्भ दिलेत की!" दिलेली असते ती सूची, आणि तीही अर्धवट.

संदर्भसूची सगळ्यांना माहीत आहे. वाचलेल्या पुस्तकांची यादी, त्यात लेखक, पुस्तक, प्रकाशक आणि साल. आडनाव आधी की नाव आधी, स्वल्पविराम की पूर्णविराम, यावरून मी गुण कापत नाही. वहीभर एकच पद्धत ठेवली की झालं. 'गुगल' मात्र लिहू नका. पुस्तकाच्या नावाऐवजी 'कपाट' लिहिल्यासारखं ते आहे.

गोंधळ होतो तो तळटिपेपाशी. सूची अख्ख्या वहीची असते, टीप एका विधानाची. वाक्य संपलं की वर बारीक आकडा घालायचा आणि पानाच्या तळाशी त्याच आकड्यापुढे पुस्तक, आवृत्ती आणि पान लिहायचं.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावरचा प्रकल्प घ्या. मुलानं लिहिलंय: 'आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियाला एम. डी. झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.' शेवटी चार पुस्तकांची सूची आहे. आता जन्मस्थळ कुठे कल्याण दिलेलं असतं, तर कुठे पुणे, म्हणजे त्यांचं आजोळ. या मुलानं 'कल्याण' चारांपैकी कुठून घेतलं? सूची ते सांगत नाही. मला चारही पुस्तकं चाळावी लागतात, आणि चाळीस वह्या असल्या की कोणीच ती चाळत नाही. 'कल्याणला' या शब्दावर टीप असती, तर मी ते पान उघडलं असतं आणि अर्ध्या मिनिटात काम झालं असतं.

प्रत्येक वाक्याला टीप लागत नाही. 'आनंदीबाई जिद्दी होत्या' हे तुमचं मत आहे, त्याला नको. तारीख, ठिकाण, पदवी, कोणाच्या तोंडचं वाक्य, आणि जिथे पुस्तकं एकमेकांशी जुळत नाहीत अशी जागा, या सगळ्यांना हवी. जुळत नसतील तर एक बाजू गुपचूप गाळू नका. 'जन्मस्थळ काही ठिकाणी कल्याण, तर काही ठिकाणी पुणे असे दिले आहे' असं लिहा आणि दोन्ही शब्दांवर वेगवेगळ्या टिपा द्या. दहा संकेतस्थळांवर एकच गोष्ट सापडली, हा पुरावा मी धरत नाही. शब्दन् शब्द जुळत असेल, तर दहाही जणांनी एकाच ठिकाणाहून उचललेलं असण्याचा संभव मोठा असतो. दुकानात मिळणाऱ्या चित्रांच्या कागदामागे छापलेली माहितीही तशीच, तिच्याखाली कोणाचंच नाव नसतं.

आता टिपेत नाव कोणाचं लिहायचं? कॅरोलाइन हीली डॉल यांनी लिहिलेलं आनंदीबाईंचं इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये, म्हणजे निधनाच्या पुढच्याच वर्षी, बॉस्टनला छापलं गेलं. मुलानं वाचलेली असते आजकालची छोटी पुस्तिका. त्या पुस्तिकेच्या टिपेत डॉल यांचं नाव दिसतं, आणि वजनदार वाटतं म्हणून तो तेच उतरवतो. मी विचारतो, "हे पुस्तक तुला कुठे मिळालं?" तो खाली बघतो. पुस्तिकेनं पान चुकीचं छापलं असेल, तर डॉल यांच्या त्या पानावर मला काहीच सापडणार नाही, आणि चूक या मुलाच्या नावावर जमा होईल. म्हणून हातात जे होतं तेच लिहायचं:

'१. डॉल यांचे १८८८ चे चरित्र. उद्धृत : (पुस्तिकेचा लेखक, नाव, प्रकाशक, आवृत्ती, साल), पृ. (पुस्तिकेतलं पान).'

'उद्धृत' या एका शब्दामुळे मला कळतं की आधी पुस्तिका उघडायची.

त्यापेक्षा मला आवडेल ते हे, की मुलानं मूळ पुस्तकच बघावं. त्याची स्कॅन केलेली प्रत archive.org वर आहे. तिथे एक चूक हमखास होते. पडद्यावर दिसणारा पानाचा आकडा अनेकदा मुखपृष्ठ आणि सुरुवातीची कोरी पानंही मोजतो, त्यामुळे तो छापील आकड्यापेक्षा पुढे असतो. टिपेत छापील आकडाच लिहा, म्हणजे कागदी प्रत हातात असलेल्यालाही तेच पान सापडेल. कागदी पुस्तकाची आवृत्ती लिहायची तीही याचसाठी, कारण नवी अक्षरजुळणी झाली की पानं सरकतात.