तडजोड की प्ली बार्गेनिंग? केस दोन्हीकडे मिटते, शिक्का एकाच ठिकाणी बसतो

कोर्टाच्या आवारात ‘मिटवून टाकू’ हे एकच वाक्य दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं. एक म्हणजे फिर्यादीशी तडजोड, दुसरी प्ली बार्गेनिंग. दोन्हींत साक्षीपुरावा टळतो, तारखा थांबतात आणि आरोपी घरी जाऊ शकतो. फरक निकालपत्रात असतो. तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो. प्ली बार्गेनिंगमध्ये आरोपी दोषी ठरतो, फक्त शिक्षा कमी होते.

तडजोडीची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 359 मध्ये आहे. कोणत्या गुन्ह्यात कोण तडजोड करू शकतो, याचा तक्ताच तिथे दिला आहे. साध्या चोरीत तो अधिकार वस्तूच्या मालकाचा. त्याने माफ केलं की संपलं. आरोपीला ‘मी केलं’ असं म्हणावं लागत नाही.

प्ली बार्गेनिंग 2006 पासून आपल्याकडे आहे आणि आता ते कलम 289 ते 300 मध्ये येतं. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे, स्त्रियांविरुद्धचे आणि बालकांविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. दोषारोप निश्चित झाल्यापासून 30 दिवसांत आरोपीने स्वतः अर्ज करायचा. मग सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि पीडित एकत्र बसून भरपाई वगैरे ठरवतात. त्यासाठी कमाल 60 दिवस. अमेरिकेत आरोपच हलका करण्याची घासाघीस चालते. आपल्याकडे मात्र शिक्षेतली सूट कायद्यानेच आखून दिली आहे.

यात वेळ वाचतो हे खरंच आहे. मोबाइल चोरीच्या साध्या केसमध्येसुद्धा फिर्यादी, पंच आणि तपास अधिकारी यांना साक्षीला आणावं लागतं. पंच पत्ता बदलून गेलेला असतो, अधिकाऱ्याची बदली झालेली असते आणि फिर्यादीला नवा फोन घेऊन बरेच दिवस झालेले असतात. खरोखर चोरी केलेल्या माणसाला यातून सुटका मिळत असेल आणि मालकाला भरपाई, तर तक्रार करायचं कारण नाही.

पण आता असा माणूस घ्या, ज्याने चोरी केलेलीच नाही. समजा, गर्दीत चुकीचा माणूस पकडला गेला. पहिलाच गुन्हा. जामीन मंजूर झालाय, पण जामीनदार मिळत नाही, म्हणून तो सहा महिने कच्चा कैदी आहे. दोषारोप नुकताच निश्चित झालाय. साध्या चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षं. प्ली बार्गेनिंगमध्ये एरवी तिचा चौथा हिस्सा, म्हणजे नऊ महिने देता येतात. पहिल्या गुन्ह्याला सहावा हिस्सा, म्हणजे सहा महिने. तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. म्हणजे अर्ज मान्य झाला की तो लगेच बाहेर! निर्दोष आहे म्हणून लढायचं ठरवलं, तर मात्र आतच. कच्च्या कैद्याला सोडण्याची पहिल्या गुन्ह्यासाठीची मुदत कमाल शिक्षेचा एक तृतीयांश, म्हणजे इथे एक वर्ष. गणित त्याला उघड सांगतं की कबूल करणं स्वस्त आहे.

सर्वोच्च न्यायालयाला हे दिसलं होतं. 1980 साली गुजरातच्या कासमभाई शेख खटल्यात त्याने अशा सौद्यावर आधारलेली शिक्षा मान्य केली नाही; लांबलचक खटल्याच्या त्रासापेक्षा हलकी शिक्षा बरी म्हणून निर्दोष माणूसही गुन्हा कबूल करेल, हे त्यामागचं एक कारण. नंतर संसदेनेच कायदा करून हा मार्ग खुला केला आणि एक कवच दिलं: न्यायाधीश आरोपीला एकट्याला, बंद दाराआड विचारतात की अर्ज स्वेच्छेने केला आहे का. माझ्या मते हे कवच पातळ आहे. धमकी किंवा फसवणूक त्यातून पकडता येईल. पण वरच्या आरोपीला कुणीच धमकावलेलं नाही. तो मनापासून ‘हो’ म्हणेल, कारण त्याला घरी जायचंय. त्याने चोरी केली की नाही, हे साक्षीपुराव्याने तपासायची वेळच येत नाही.

नंतर पस्तावला तर? या निकालावर नेहमीचं अपील नाही. उच्च न्यायालयात रिट किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, एवढंच उरतं, आणि जामीनदार न मिळालेल्या माणसासाठी हे दरवाजे किती उघडे असतात ते सांगायला नको. पुढे नोकरीच्या अर्जात ‘कधी दोषी ठरला आहात का’ या रकान्यात त्याला ‘हो’ लिहावं लागतं. तडजोड केलेल्याला ते लिहावं लागत नाही.

तडजोडीतही दबाव असतोच. न केलेल्या चोरीचे पैसे मोजून फिर्यादीला राजी करणारे निर्दोष लोक असतात. पण तिथे पैसे जातात, शिक्का बसत नाही.

म्हणून अशा आरोपीच्या नातेवाइकांनी वकिलाला आधी जामिनाच्या अटींबद्दल विचारावं. जामीन मंजूर होऊन महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय आपणहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं आहे. वैयक्तिक बंधपत्रावर तो सुटला, तर कबुलीच्या अर्जावर सही करायची त्याची घाई बहुधा तिथेच संपेल.