सारखे चमचे की सारखे वजन? व्हाईट सॉसच्या प्रमाणातली गफलत

व्हाईट सॉसच्या बहुतेक कृतींत ‘बटर आणि मैदा समप्रमाणात घ्यावा’ असे वाक्य असते. हे समप्रमाण चमच्याने मोजलेले आहे की वजनाने, हे मात्र अनेकदा लिहिलेले नसते. एक कप दुधाचा सॉस करताना सगळेच चमच्याने मोजतात, त्यामुळे हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. प्रमाण वाढवण्याची वेळ येते, चमचे मोजण्याचा कंटाळा येऊन काटा बाहेर निघतो, आणि तेव्हा मात्र सॉस बिघडतो.

आधी चमच्याची पद्धत पाहू. एक कप म्हणजे २४० मिलिलिटर दूध धरले, तर पातळ सॉससाठी बटर आणि मैदा प्रत्येकी एक टेबलस्पून, मध्यम सॉससाठी प्रत्येकी दोन आणि घट्ट सॉससाठी प्रत्येकी तीन लागतात. पातळ सॉस क्रीम सूपला अंग देण्यासाठी, मध्यम सॉस मॅकरोनी किंवा लझानियासाठी आणि घट्ट सॉस क्रोकेटचे सारण किंवा सूफ्लेचा पाया बांधण्यासाठी वापरतात. चमचा १५ मिलिलिटरचा आणि मैदा सुरीच्या पात्याने सपाट केलेला असावा. शीग ठेवून भरलेल्या चमच्यात मैदा दीडपट किंवा त्याहूनही अधिक मावतो आणि मध्यम म्हणून केलेला सॉस थेट घट्ट होऊन बसतो.

वजनाची पद्धत दिसायला अशीच असली तरी मुळात वेगळी आहे. एक टेबलस्पून बटर सुमारे १४ ग्रॅम भरते, तर तेवढाच सपाट मैदा भरतो जेमतेम ८ ग्रॅम, कारण त्याच्या कणांमध्ये हवा असते. म्हणजे चमच्याने ‘समप्रमाण’ असलेल्या मिश्रणात वजनाने बटर मैद्याच्या पावणेदोन पट असते. वजनाने ‘समप्रमाण’ घेणारे लोक जितका मैदा तितकेच बटर घेतात. दोन्ही पद्धती योग्य आहेत, दोन्हींनी उत्तम सॉस होतो. चूक होते ती एकीचा आकडा दुसरीत नेला की.

ही चूक मी स्वतः केलेली असल्यामुळे तिचे आकडे मला पाठ आहेत. दीड लिटर दुधाचा मध्यम सॉस करायचा होता. दीड लिटर म्हणजे सव्वासहा कप, म्हणून बटर आणि मैदा प्रत्येकी साडेबारा चमचे. साडेबारा चमचे बटर म्हणजे १७५ ग्रॅम, हा हिशेब मी बरोबर केला; मग ‘समप्रमाणच तर आहे’ म्हणून मैदाही १७५ ग्रॅम मोजला. खरे तर साडेबारा चमचे मैदा १०० ग्रॅमच भरतो. बटर-मैदा परततानाच काही तरी बिनसल्याचे दिसायला हवे होते, कारण चमच्याच्या प्रमाणातले मिश्रण पातेल्यात सैलसर पसरते आणि बुडबुडते, तर माझे मिश्रण ओल्या वाळूसारखे ढेकळे धरून बसले होते. अर्थात, वजनाने समान घेतलेल्या मिश्रणाचे हेच रूप असते, त्यामुळे एवढ्यावरून चूक पकडता येतेच असे नाही. दूध घालून उकळी आल्यावर मात्र चमचा पातेल्यात जवळजवळ उभा राहिला.

असे का झाले, हे समजण्यासाठी दोन घटकांची कामे वेगळी करून पाहावी लागतात. सॉस दाटतो तो केवळ मैद्यामुळे, कारण त्यातले स्टार्चचे कण गरम दुधात पाणी शोषून फुगतात; हे काम सॉस उकळीच्या जवळ पोचेपर्यंत पूर्ण होत नाही, म्हणून उकळी येण्याआधी दाटपणाचा निवाडा करू नये. बटरचे काम मैद्याच्या कणांवर स्निग्ध थर देऊन ते एकमेकांना धरणार नाहीत, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत, हे पाहण्याचे. शिवाय चव आणि चकाकी त्याचीच. म्हणून सॉसची जात ठरवताना मैद्याकडे पाहावे. एक लिटर दुधाला पातळ सॉससाठी ३३ ग्रॅम, मध्यमसाठी ६७ आणि घट्टसाठी १०० ग्रॅम मैदा, हे तीन आकडे पद्धत कोणतीही असली तरी बदलत नाहीत. बटर मैद्याच्या वजनाइतके घ्यावे किंवा पावणेदोन पटीपर्यंत वाढवावे. त्याहून बरेच कमी घेतले तर कोरडा मैदा उरून गुठळ्या होतात आणि बरेच जास्त घेतले तर तूप सुटून वर तरंगते. माझ्या पातेल्यात लिटरमागे सुमारे ११७ ग्रॅम मैदा पडला होता, म्हणजे घट्ट सॉसच्याही पुढे.

अशा सॉसला वाचवता येते. १७५ ग्रॅम मैद्याला मध्यम दाटपणासाठी सुमारे २.६ लिटर दूध हवे, म्हणजे आणखी १.१ लिटर. ते गरम करून थोडे थोडे घालत, प्रत्येक वेळी व्हिस्कने एकजीव करून पुढचे घातले, की सॉस सरळ होतो. मग बटर आणि मैदा वजनाने समान ठरतात, आणि आपण नकळत दुसऱ्या पद्धतीत येऊन बसतो. फक्त सॉस पावणेदोन पट होतो, ही अडचण ज्याची त्याने सोडवावी.

प्रमाण कमी करताना गणित बरोबर असूनही सॉस चुकतो, कारण दुधाची वाफ प्रमाणात कमी होत नाही. ती पातेल्याच्या रुंदीवर आणि शिजवण्याच्या वेळेवर अवलंबून असते. अर्धा कप, म्हणजे १२० मिलिलिटर दुधाला एक चमचा मैदा घेतला आणि रुंद पातेल्यात ३० मिलिलिटर दूध उडून गेले, तर ८ ग्रॅम मैद्याला ९० मिलिलिटरच दूध उरते. कपाच्या हिशेबाने तो मैदा २१ ग्रॅमच्या वर जातो. मध्यमचे १६ आणि घट्टचे २४, यांत तो घट्टच्या बाजूला झुकलेला असतो. दीड लिटरमधून एवढेच दूध उडाले तर पत्ताही लागत नाही. म्हणून थोडा सॉस अरुंद, जाड बुडाच्या भांड्यात करावा आणि दोन-तीन चमचे गरम दूध हाताशी ठेवावे. मोठ्या प्रमाणात भीती वेगळी असते: उकळी यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तळ करपतो, म्हणून आच मध्यम ठेवून ढवळताना तळाचा कोपरान् कोपरा खरवडावा लागतो.

दाटपणाची परीक्षा चमच्याच्या पाठीवर करावी. गरम मध्यम सॉसमध्ये चमचा बुडवून काढला आणि पाठीवर बोटाने रेघ ओढली, तर रेघ तशीच राहते; पातळ सॉसमध्ये ती लगेच भरून येते, तर घट्ट सॉसमध्ये चमचा फिरवताना पातेल्याचा तळ क्षणभर उघडा पडतो. ही परीक्षा सॉस गरम असतानाच करावी, कारण निवल्यावर प्रत्येक सॉस आणखी दाटतो आणि पातळ सॉसही मध्यम वाटू लागतो.