अधोबल (शर्यतीच्या मोटारींतील)

फॉर्म्युला वनसारख्या खुल्या चाकांच्या मोटारीला वाहत्या हवेमुळे मिळणारे खालच्या दिशेचे बल. प्रचलित नाव डाउनफोर्स. यामुळे मोटारीचे वस्तुमान न वाढता टायर रस्त्यावर अधिक दाबले जातात आणि वळणावर पकड वाढते. पुढचे व मागचे पंख विमानाच्या पंखाप्रमाणेच, पण उलटे काम करतात. फॉर्म्युला वनमध्ये ते १९६८ पासून रुळले.

तळ व रस्ता यांमधील फट मध्यावर अरुंद होते. खाडीच्या चिंचोळ्या मुखातून ओहोटीचे पाणी वेग घेते, तशी हवा तेथे वेगाने जाते. तिचा दाब घटून मोटार खाली ओढली जाते. मागे तळ हळूहळू उचललेला असतो (डिफ्यूजर). हा चढ फार तीव्र झाला, की हवा पृष्ठभाग सोडते व अधोबल ढासळते.

तळाच्या या रचनेचे श्रेय कोणाचे, याविषयी मतभेद आहेत. अभियंते पीटर राइट यांनी १९६९ च्या सुमारास बीआरएम संघात पंखाच्या आकाराच्या बाजू तपासल्या होत्या. मार्च ७०१ (१९७०) या मोटारीच्या बाजूच्या टाक्यांनाही तसाच आकार होता, पण कडा उघड्या असल्याने लाभ अल्पच झाला. शॅपारल २जे (१९७०) पंख्यांनी तळाखालची हवा उपसत असे. मात्र ती खुल्या चाकांची नव्हती व तिचे तत्त्वही वेगळे. म्हणून लोटस ७८ (१९७७) पासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तिच्या वातबोगद्यातील चाचण्यांत मोजमापे स्थिर राहीनात. प्रतिकृतीच्या बाजू वेगाबरोबर खाली झुकत होत्या, असे राइट यांच्या लक्षात आले. कडांची फट पुठ्ठ्याने बुजवताच अधोबल एकदम वाढले. पुढे याच फटीसाठी सरकत्या झालरी आल्या आणि १९७८ मध्ये लोटसचा चालक मारिओ आंद्रेत्ती विश्वविजेता झाला. १९८३ मध्ये सपाट तळ सक्तीचा झाला. हवेला वेग देणारे तळाखालचे चिंचोळे मार्ग २०२२ मध्ये परतले. तेव्हा तळ रस्त्याच्या फार जवळ गेला, की प्रवाह कोंडून अधोबल सुटे, मोटार वर येई, प्रवाह पुन्हा जुळे व ती परत खाली खेचली जाई. सरळ रस्त्यावरची ही उसळी उघड्या डोळ्यांनी दिसे.

अधोबल हवेच्या घनतेच्या सम प्रमाणात व वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. समजा, १५° से. तापमानाच्या कोरड्या हवेत, समुद्रसपाटीला, ताशी २०० किमी. वेगाने एका मोटारीला ७७० किग्रॅ. वजनाइतके अधोबल मिळते. ताशी १०० किमी. वेगाला ते चौथाईवर येईल. कोकण किनाऱ्यावर मे महिन्यात ३३° से. तापमान व ७०% आर्द्रता असताना ताशी २०० किमी. वेगालाच ते सुमारे ७१५ किग्रॅ. भरेल. दमट हवा अंगाला जड वाटते. पण पाण्याची वाफ कोरड्या हवेहून हलकी असते, त्यामुळे उष्णतेने आधीच विरळ झालेली हवा आणखी विरळ होते. हवेचा विरोधही त्याच प्रमाणात घटतो, म्हणून अशा हवेत पंखांचा कोन थोडा वाढवता येतो.