दर पुनवेला ग्रहण का नाही? पिक्सेल मोजून बघा

सोलापुरातल्या एका शाळेत आठवीच्या वर्गासाठी चंद्रकलांचं अ‍ॅनिमेशन करायचं होतं. नेटवर तयार मिळतात, पण पृथ्वी फुटबॉलएवढी, चंद्र वीतभर लांब, आणि तो दर फेरीला सरळ सावलीत घुसतो. मग पोरं विचारणारच, "सर, दर पुनवेला गिरान का नाही लागत?"

म्हणून आधी स्केल. पृथ्वी 40 पिक्सेलची घेतली तर चंद्र 11 चा होतो आणि दोघांमधलं अंतर तब्बल 1200, म्हणजे प्रोजेक्टरची जवळजवळ अख्खी रुंदी. पृथ्वीची गडद सावली निमुळती होत जाते, चंद्रापाशी ती 29 पिक्सेल उरते. चंद्राची कक्षा साधारण 5 अंश कललेली आहे, त्यामुळे तो 107 पिक्सेल वर किंवा खाली जाऊ शकतो, मग 29 च्या सावलीत रोज रोज कसा सापडणार?

पण इथेच बरेच जण फसतात, कल देतात खरा पण तो सूर्याच्या दिशेशी कायमचा बांधून टाकतात, मग एकतर दर महिन्याला ग्रहण नाहीतर कधीच नाही. कक्षा जिथे क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेला, छेदते ते बिंदू म्हणजे आपले राहू-केतू, आणि सूर्याच्या दिशेच्या मानाने ते रोज साधारण 1.04 अंश सरकतात. जावास्क्रिप्टमध्ये एवढंच पुरतं, d म्हणजे 7 सप्टेंबर 2025 च्या पौर्णिमेपासूनचे दिवस, a म्हणजे सूर्याच्या दिशेपासून चंद्राचा कोन, node म्हणजे राहू, आणि h म्हणजे सावलीच्या मध्यापासून चंद्र किती पिक्सेल वर, उणे आला तर खाली:

```
const r = Math.PI / 180;
const a = 180 + 12.19 * d;
const node = 183 - 1.04 * d;
const h = 107 * Math.sin((a - node) * r);
```

d शून्य ठेवलं की h येतो उणे 5.6. पौर्णिमेला h 9 च्या आत असेल तर चंद्र पूर्ण सावलीत, 20 च्या आत असेल तर थोडा तरी. त्या रात्री खरंच खग्रास होतं, 11:01 ते 12:23. आता d ला 29.53 द्या, h जवळपास 50, म्हणजे पुढच्या पौर्णिमेला चंद्र सावलीच्या बराच वरून निघून गेला. सहा पौर्णिमांनी, होळीच्या सुमारास 3 मार्च 2026 ला, h उणे 2 येतो आणि ग्रहण लागतं. खरा आकडा उणे 7 च्या आसपास होता, कारण आपण कक्षा गोल धरलीये आणि ती लंबगोल आहे. शाळेला हे चालतं, पंचांगाला नाही.

कला आणि ग्रहण, दोन्हीला काळी गोल चकती सरकवू नका बरं का. ग्रहणात कड गोलच हवी, पण ती चंद्राच्या अडीचपट मोठ्या वर्तुळाची. कलांमध्ये मात्र उजेड-अंधाराची रेघ अर्ध्या लंबवर्तुळाची असते, तिची अर्धी रुंदी चंद्राची त्रिज्या गुणिले `Math.cos(a * r)`. अष्टमीला ती शून्य होते, म्हणून रेघ सरळ दिसते. तुमच्या अ‍ॅनिमेशनमध्ये अष्टमीचा चंद्र चावल्यासारखा दिसला तर समजा चकतीच सरकतीये.