तीन मिलीमीटरची दरज आणि हाताने निघणारा प्लग

पुण्यात माझ्या मावसबहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये गिझर बसवायला आलेल्या माणसाने नेहमीचं हॅमर ड्रिल काढलं. टाइल आणि गिलावा पार होईपर्यंत ड्रिल कुरकुरत होतं, मग एकदम लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. १० मिलीमीटरचं भोक पाडायचं होतं, आतून पडलं ते बोटभर जाड. रावल प्लग हाताने आत गेला आणि हातानेच बाहेर आला. "मॅडम, भिंत कच्ची आहे," तो म्हणाला.

भिंत कच्ची नव्हती. ती एएसी ब्लॉकची होती. आपल्याकडे अजून बरेच गवंडी या ब्लॉकला सरसकट सिपोरेक्स म्हणतात, जरी ते मूळचं स्वीडनमधल्या एका उत्पादनाचं नाव असलं तरी. फ्लाय अॅश, सिमेंट, चुना आणि थोडं जिप्सम यांच्या पातळ मिश्रणात चिमूटभर अॅल्युमिनियमची पूड घालतात. चुन्याशी तिची क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि ढोकळ्याच्या पिठासारखं ते मिश्रण फुगतं. मग तारेने ब्लॉक कापून मोठ्या प्रेशर कुकरसारख्या टाकीत, साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसच्या वाफेत कित्येक तास ठेवतात. हायड्रोजन उडून जातो, त्याची भोकं राहतात. तयार ब्लॉकच्या आकारमानाचा सुमारे चार पंचमांश भाग नुसती हवा असते. म्हणून घनमीटरमागे त्याचं वजन ५५० ते ६५० किलो भरतं, पाण्याहूनही कमी.

ही हवा ब्लॉकला हलका आणि उन्हाळ्यात थंड ठेवते. तीच हवा दरजेतल्या मालाशी आणि भिंतीतल्या प्लगशी कसं वागायचं तेही ठरवते.

आधी माल. विटेच्या सवयीने गवंडी एकास सहा सिमेंट-वाळूचा माल १० ते १२ मिलीमीटर जाड अंथरतो. ब्लॉकची बारीक छिद्रं त्यातलं पाणी ओढू लागतात, आणि विटेसारखं पटकन ओढून थांबत नाहीत, बराच वेळ ओढत राहतात. माल जाड असल्याने त्याच्या पोटात पाण्याचा साठा असतो आणि तो कसाबसा तग धरतो. आता तोच माल ३ मिलीमीटर जाड अंथरून पाहा. ब्लॉक तेवढंच पाणी मागणार, पण देणाऱ्याकडे ते जवळपास एक तृतीयांशच. सिमेंटला घट्ट व्हायला लागणारं पाणी आधीच ब्लॉकच्या पोटात गेलेलं असतं आणि दरजेत उरते ती वाळूची भुकटी. शिवाय साध्या वाळूचे कण ४ मिलीमीटरपर्यंतही असतात. ३ मिलीमीटरच्या फटीत ते बसणार कुठे?

म्हणून पातळ दरजेसाठी वेगळा माल लागतो. साइटवर त्याला नुसतं 'केमिकल' म्हणतात, पोत्यावर 'ब्लॉक जॉइंटिंग मॉर्टर' असं लिहिलेलं असतं. आत सिमेंट, पिठासारखी बारीक वाळू, थोडं पॉलिमर आणि सेल्युलोजपासून बनवलेला एक दाट करणारा पदार्थ असतो. खरं काम हा शेवटचा पदार्थ करतो. तो पाणी आपल्यात धरून ठेवतो आणि ब्लॉकने ओढलं तरी सहजासहजी सोडत नाही. ४० किलोच्या पोत्याला साधारण १० ते ११ लिटर पाणी लागतं, नेमका आकडा पोत्यावर असतो आणि तोच पाळावा. पाण्यात पावडर घालून गुठळ्या जाईपर्यंत घुसळायचं, पाच मिनिटं तसंच ठेवायचं आणि पुन्हा घुसळायचं. ही पाच मिनिटं गवंड्याला उगाच वाटतात, पण दाट करणारा पदार्थ तेवढ्यात भिजतो. वाळत आलेल्या घमेल्यात वरून पाणी ओतून माल पुन्हा मऊ करणं मात्र अजिबात चालत नाही.

ब्लॉकवरची धूळ ब्रशने झाडायची, कडक उन्हात हलकं पाणी शिंपडायचं, पण भिजवायचं नाही. माल दातेरी थापीने पसरायचा, म्हणजे सगळीकडे सारख्या जाडीच्या रेघा उठतात. वरचा ब्लॉक ठेवून रबरी हातोडीने ठोकला की त्या दबून सपाट होतात. दरज धरली की नाही हे पाहायची एक सोपी रीत आहे. थर चालू असताना एखादा ब्लॉक मिनिटभराने उचलून बघा. दोन्ही बाजूंना माल लागलेला दिसायला हवा. खालच्या रेघा तशाच उभ्या असतील आणि वरचा ब्लॉक कोरडा असेल, तर मालावर साय धरली होती. मग तो खरवडून काढायचा, कितीही जिवावर आलं तरी.

यात पैशांचा हिशेब लोक उलटा मांडतात. केमिकलचं पोतं सिमेंटपेक्षा महाग, म्हणून ते नको. ३ मीटर लांब, ३ मीटर उंच आणि १५० मिलीमीटर जाड भिंत घेऊ, ब्लॉक ६०० बाय २०० मिलीमीटरचे. १० मिलीमीटरची दरज ठेवली तर भिंतीचा सव्वासहा टक्के भाग माल होतो, म्हणजे सुमारे ८५ लिटर. ३ मिलीमीटरच्या दरजेत तो दोन टक्क्यांवर येतो, सुमारे २७ लिटर, म्हणजे वाया न घालवता काम केलं तर जवळपास एका पोत्यात भिंत उभी. उष्णतेचंही तसंच. सिमेंटचा माल ब्लॉकपेक्षा पाच-सहा पट सहज उष्णता आत सोडतो. ढोबळ हिशेब केला तर जाड दरजांमुळे भिंतीतून सुमारे तीस टक्के जास्त उष्णता येते, पातळ दरजांमुळे दहा टक्क्यांच्या आत. महाग ब्लॉक घेऊन जाड दरजा ठेवणं म्हणजे स्वेटर घालून त्याला खिडक्या पाडणं.

मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पाणी मारणं. साध्या मालाची भिंत सात दिवस भिजवावी लागते. तेवढ्या दिवसांत ब्लॉक ओले होतात, पुढे महिनोन्महिने वाळतात आणि वाळताना आकसतात. भारतीय मानकानुसार चांगल्या प्रतीच्या ब्लॉकचं आकसणं ०.०५ टक्क्यांच्या आत हवं. ऐकायला ते काहीच नाही, पण ४ मीटरच्या भिंतीत ते २ मिलीमीटर भरतं. मग कॉलमच्या कडेने उभी भेग दिसते, किंवा दरजांमधून जिन्यासारखी उतरत जाणारी. केमिकलला असं भिजवणं लागत नाही, म्हणून ओलावा कमी आणि आकसणंही कमी. ब्लॉक पावसात उघडे ठेवले तर मात्र हा फायदा बांधायच्या आधीच संपतो. भेग दरजा सोडून सरळ ब्लॉक फोडत गेली असेल, तर बहुतेक वेळा कोणीतरी 'मजबूत व्हावं म्हणून' एकास तीनचा माल वापरलेला असतो. माल ब्लॉकपेक्षा कडक असला की ताण ब्लॉकवरच मोकळा होतो. म्हणून साधाच माल वापरायचा असेल तर एकास सहाच ठेवा.

पातळ दरज सगळीकडे चालते असं नाही. तिला नेमक्या मापाचे ब्लॉक लागतात. मानकात उंचीला ३ मिलीमीटर इकडेतिकडे चालतं, आणि तेवढीच तर अख्खी दरज आहे. गाडी उतरवून घेण्याआधी दहा ब्लॉक सपाट फरशीवर ओळीने मांडा आणि वरून सरळ पट्टी फिरवा. एखादा ब्लॉक वर आला तर तो रंध्याने घासता येतो. निम्मे वरखाली असतील तर लॉट परत पाठवा, आणि ते शक्य नसेल तर साधा माल वापरलेला बरा. वाकडे ब्लॉक केमिकलच्या १० मिलीमीटर जाड थरावर बसवण्यात काही राम नाही. तो थर तेवढ्या जाडीसाठी केलेलाच नाही, वाळताना तो बसतो. पहिला थर मात्र नेहमीच साध्या मालाच्या जाड गादीवर, कारण स्लॅबचा उंचसखलपणा तिथेच मारायचा असतो. तो थर लेव्हलमध्ये नसेल तर वरचा एकही थर येणार नाही.

आता प्लग. रावल प्लग स्क्रूने फुगतो आणि भोकाच्या भिंतींवर दाब देतो. त्या दाबातून येणाऱ्या घर्षणावर तो धरतो. वीट किंवा काँक्रीट तो दाब उलटा देतं. ब्लॉकमध्ये मात्र छिद्रांच्या पातळ भिंती चिरडतात, प्लग फुगून आपल्यासाठी जागा करून घेतो आणि त्या जागेत सैल फिरत राहतो. हॅमर चालू असेल तर आधीच अर्धी भिंत चुरडलेली असते. म्हणून पहिला नियम: हॅमर बंद, नुसतं फिरतं ड्रिल.

याच कामासाठी नायलॉनचे पीळदार कंगोऱ्यांचे प्लग मिळतात. ते हातोडीने ठोकून बसवायचे असतात, कंगोरे ब्लॉकमध्ये रुततात आणि पकड बऱ्याच मोठ्या भागावर पसरते. प्लग अख्खा ब्लॉकमध्ये जायला हवा, टाइल आणि गिलावा त्याच्या लांबीत धरायचा नाही. २५ मिलीमीटर टाइल-गिलाव्यामागे ५० मिलीमीटरचा प्लग पाहिजे असेल तर भोक ७५ मिलीमीटरहून थोडं खोल. भुकटीवरून ब्लॉक कुठे लागला ते कळतं. गिलाव्याची वाळूसारखी खरखरीत येते, ब्लॉकची टाल्कम पावडरसारखी मऊ. उभ्या दरजा बऱ्याचदा अर्धवट रिकाम्या सोडलेल्या असतात, तिथे ड्रिल एकदम आत गेलं तर भोक दुसरीकडे घ्या.

नुसत्या वजनावरून मात्र प्लग निवडू नका. १७ किलोचा टीव्ही भिंतीलगत, ६ सेंटिमीटर अंतरावर, वरच्या-खालच्या स्क्रूमध्ये २० सेंटिमीटर असलेल्या ब्रॅकेटवर टांगला, तर वरच्या स्क्रूंना बाहेर ओढणारा जोर १७ गुणिले ६ भागिले २०, म्हणजे जेमतेम ५ किलो. तोच टीव्ही पुढे येणाऱ्या हातावर ५० सेंटिमीटर बाहेर काढला की तो जोर साडेबेचाळीस किलो होतो. शिवाय तो बाजूला वळवला की पीळही बसतो. भरलेला २५ लिटरचा गिझर ३६ किलोचा असला, तरी वजन भिंतीपासून २० सेंटिमीटरवर आणि आधार ३० सेंटिमीटर उंच असल्याने ओढ २४ किलोच भरते. टीव्हीसाठी मागे प्लायचा मोठा तुकडा सहा-आठ स्क्रूंनी भिंतीला बसवून त्यावर ब्रॅकेट लावणं मला सर्वात सुरक्षित वाटतं.

बहिणीच्या बाथरूमची भिंत १०० मिलीमीटरची होती. खराब झालेली भोकं भरून टाकली आणि हातभर बाजूला नवी घेतली, या वेळी आरपार. पलीकडे बेडरूममध्ये बोल्टच्या टोकांना ७५ मिलीमीटर चौरस पोलादी पट्ट्या लावल्या. २४ किलोची ओढ दोन पट्ट्यांवर वाटली की ब्लॉकवर पडणारा दाब चौरस मिलीमीटरला ०.०२ न्यूटन होतो, आणि साधारण ब्लॉक ३ न्यूटनपर्यंत दाब सोसतो. पट्ट्या गिलाव्यात थोड्या खोचून वर पुट्टी मारली. आता त्या तिच्या कपाटामागे आहेत.